निर्देशिकेत नावं, उपाध्या आणि पदनामं मराठी-इंग्रजीत एकसारखी कशी लिहावीत?

आभा_सं

आमच्या विद्यापीठाची दूरध्वनी निर्देशिका यंदा पहिल्यांदाच एका पुस्तिकेत दोन्ही भाषांत निघणार आहे. डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर इंग्रजी. आतापर्यंत मराठी पुस्तिका एक विभाग काढायचा आणि संकेतस्थळावरची इंग्रजी यादी दुसरा विभाग सांभाळायचा, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून कुणी पाहिल्याच नव्हत्या. आता पाहिल्यावर कळतंय की काही नोंदी वाचून ही एकच व्यक्ती आहे असं वाटतच नाही.

एक नमुना देते, नाव बदलून. मराठी पानावर "सौ. प्रा. डॉ. सुनीता वि. कऱ्हाडे, प्र. कुलसचिव". इंग्रजी यादीत `Dr. Mrs. Karhade S. V., Pro-Registrar`. आमच्याकडे प्रो-रजिस्ट्रार असं पदच नाही. त्या प्रभारी कुलसचिव आहेत. कुणीतरी "प्र." चा विस्तार आपल्या मनाने केला आणि तो तसाच छापला गेला.

सुमारे दीड हजार नोंदी आहेत आणि मुद्रणाला दोन महिने. नियमावली आधी ठरवायची आहे. नाव कुठल्या क्रमाने, उपाधी कुठली ठेवायची, पदनामाचं इंग्रजी कुठून घ्यायचं? ज्यांनी असं काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

रानवाटा

मराठी यादी आधी पक्की करा आणि त्यावरून एकाच नियमाने रोमन लिप्यंतर करा. आय.एस.ओ. १५९१९ हे देवनागरीच्या लिप्यंतराचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यातल्या अक्षरांवरच्या रेघा आणि टिंबं काढून टाकली की साधं स्पेलिंग मिळतं. व ला सगळीकडे `v`, श ला सगळीकडे `sh`. दीड हजार नोंदी एका दिवसात होतील आणि सगळ्या एकसारख्या दिसतील.

कोकणकडा

एकसारख्या दिसतील, पण माणसं सापडणार नाहीत. वाघमारे `Waghmare` लिहितात, तुमच्या नियमाने ते `Vaghmare` होतील. ज्ञानेश्वर तर त्या मानकाप्रमाणे `Jnaneshvar`. आख्ख्या महाराष्ट्रात असं लिहिणारा एक ज्ञानेश्वर दाखवा, मी माझं सदस्यनाम बदलतो.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहिते. आमच्या घरात मराठीत "कामत" आणि आजोबांच्या कागदांवर `Camotim`. पोर्तुगीज अमलातलं हे स्पेलिंग कित्येक घरांनी पुढे चालू ठेवलं, कित्येकांनी `Kamat` करून घेतलं. `Porobo`, `Sinai`, `Quencro` अशी आडनावं अजून रोजच्या कागदपत्रांत आहेत. नाव-आडनाव बदलण्यासाठी गोव्यात १९९० चा वेगळा कायदाच आहे, कारण हा नुसता हौसेचा विषय नाही. जमिनीच्या कागदावरचं आणि पारपत्रावरचं नाव जुळलं नाही तर माणूस अडकतो. सख्ख्या दोन भावांपैकी एक `Kamat` आणि दुसरा `Camotim` असू शकतो. देवनागरीवरून यातलं कुठलं हे कुठलाही नियम सांगू शकणार नाही.

दप्तरदार

आस्थापना विभागात नोकरी गेली, त्यात दोन वेळा निर्देशिका केली. म्हणून जरा लांबण लावतो.

आभाताई, तुमच्या एका ओळीत तीन निरनिराळ्या प्रकारची माहिती आहे आणि तिघींचे मालक निराळे आहेत. नावाची मालक ती व्यक्ती. पदनामाची मालक संस्था, म्हणजे कायदा, परिनियम आणि नियुक्तीचा आदेश. उपाधी कुठली छापायची हे मात्र संपादकाने ठरवायचं. या तिन्हींना एकच नियम लावायला गेलं की गोंधळ होतो. रानवाटा यांचा नियम उपाध्यांना चालेल, नावांना नाही.

नावाचं म्हणाल तर लिप्यंतर करूच नका. मराठीवरून इंग्रजी नाही आणि इंग्रजीवरून मराठीही नाही. दोन्ही रकाने त्या व्यक्तीकडून भरून घ्या. प्रत्येकाला एक चिठ्ठी पाठवा, तिच्यावर सेवापुस्तकातलं नाव दोन्ही लिप्यांत आधीच छापलेलं असू द्या आणि खाली लिहा की बदल असल्यास अमुक तारखेपर्यंत कळवा, न कळवल्यास हेच छापलं जाईल. कोरा अर्ज पाठवाल तर निम्मे परत येणार नाहीत. छापील नाव डोळ्यासमोर आलं की माणूस चूक शोधतो आणि सही करून देतो. सेवापुस्तकापेक्षा वेगळं आडनाव कुणी लिहून दिलं तर राजपत्राची प्रत मागा. एवढी अट पुरे, त्याहून खोलात शिरू नका.

क्रमाबद्दल. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, आधार कार्डावर शेवटी, आणि पारपत्रावर आडनाव व दिलेलं नाव असे दोन वेगळे रकाने असतात. त्यामुळे माणसं अर्जावर कुठल्याही क्रमाने लिहितात. `Karhade Sunita Vinayak` यात आडनाव कोणतं हे आपल्याला कळतं. पण `Vasant Anant Ramesh` आलं की बसा विचार करत. म्हणून तक्त्यात स्वतःचं नाव, मधलं नाव आणि आडनाव हे तीन रकाने वेगळे ठेवा, दोन्ही लिप्यांत. छापताना क्रम कुठलाही लावा, दोन्ही पानांवर एकच असला म्हणजे झालं.

वाचनवेडी

+१. आणि आद्याक्षरं? "वि. स." चं `V. S.` करायला काय हरकत आहे?

दप्तरदार

त्यात एक खाच आहे. मराठी आद्याक्षर मात्रेसकट येतं. विनायकचं "वि.", शंकरचं "शं.", ज्ञानदेवचं "ज्ञा.". इंग्रजीत मात्र एकच वर्ण येतो. `S.` वरून मराठीकडे परत यायचं तर तो स, सु, श, शं, शि यांपैकी काहीही असेल. शिवाय काही माणसं मराठीतही इंग्रजी आद्याक्षरांनीच ओळखली जातात. एस. एम. जोशींना "श्री. म. जोशी" असं छापलं तर कोण ओळखेल? सी. डी. देशमुखांचंही तेच. म्हणून शक्यतो पूर्ण नावच छापा. जागा नसेल तर आद्याक्षरंसुद्धा त्या-त्या माणसाकडून लिहून घ्या.

सदाशिव_प

मुद्रितशोधक म्हणून एक हरकत नोंदवतो. नाव व्यक्तीच्या मालकीचं हे मान्य, पण शुद्धलेखन तर पाळाल की नाही? "सुनिता" चूक, "सुनीता" बरोबर. १९६२ च्या नियमांप्रमाणे "विष्णु" चं "विष्णू" व्हायला हवं. विद्यापीठाच्या पुस्तिकेत अशुद्ध नावं छापायची? उद्या विद्यार्थी तेच गिरवतील.

कोकणकडा

माझ्या बहिणीचं नाव सुनिता आहे, ऱ्हस्व. दाखल्यावर, बँकेत, सगळीकडे. तुम्ही दीर्घ छापलंत तर ते तिचं नाव नाही.

सदाशिव_प

दाखल्यावर लिहिणाऱ्या कारकुनाने जे लिहिलं ते कायमचं, असं म्हणायचंय का?

दप्तरदार

नावापुरतं हो. सदाशिवराव, शुद्धलेखनाचे नियम पदनामांना आणि बाकीच्या मजकुराला शंभर टक्के लावा. "कुलगुरू" दीर्घ, "समिती" दीर्घ, "तहसीलदार" मध्ये सी दीर्घ. तिथे तुमच्यासारखा माणूस हवाच, कारण आमच्या मागच्या पुस्तिकेत एकाच पानावर "सहायक" आणि "सहाय्यक" दोन्ही होते. विशेषनामाला मात्र हात लावू नये.

सदाशिव_प

हे मला पटलेलं नाही. पण चिठ्ठीवर सही असेल तर मी लाल रेघ मारणार नाही.

अधिव्याख्याता

कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. उपाध्यांचं बघताय तर "प्रा." ला धक्का लावू नका ही विनंती. गावात आम्हाला सगळे प्राध्यापक म्हणतात, लग्नपत्रिकेत तसंच येतं. विद्यापीठाच्या जुन्या यादीत मला मराठीत "प्रा." होतं आणि इंग्रजीत नुसतं `Mr.` का बरं?

दप्तरदार

कारण मराठीतलं "प्रा." आणि इंग्रजीतलं `Prof.` एका तोलाचे नाहीत. मराठीत महाविद्यालयात शिकवणाऱ्या कुणालाही आदराने "प्रा." म्हणतात. इंग्रजीत `Prof.` लिहिलं की वाचणारा प्राध्यापक या श्रेणीचा माणूस समजतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांपासून सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक अशा श्रेण्या रूढ झाल्या. त्याआधी अधिव्याख्याता आणि प्रपाठक होते. बाहेरच्या विद्यापीठाने आपली यादी पाहून सहायक प्राध्यापकाला `Prof.` असं पत्र धाडलं, की पुढे निवडीच्या कागदपत्रांत प्रश्न निघतात.

आम्ही "प्रा." दोन्ही पानांवरून काढून टाकलं. श्रेणी पदनामाच्या रकान्यात येतेच, मग नावामागे पुन्हा कशाला?

अधिव्याख्याता

काढून टाकणं सोपं आहे हो. ज्यांच्याकडे पीएच.डी. नाही त्यांच्या नावामागे मग काहीच उरत नाही. "डॉ." राहणार आणि "प्रा." जाणार, हा भेद नाही का?

आभा_सं

सर, हा मुद्दा मी समितीपुढे ठेवते. मराठी पानावर "प्रा." ठेवायचं आणि इंग्रजीत श्री/श्रीमतीचं इंग्रजी रूप, असं करता येईल का? दोन्ही पानं जुळणार नाहीत, पण प्रत्येक पान आपल्या जागी बरोबर राहील.

दप्तरदार

तसा स्पष्ट नियम पहिल्या पानावर छापलात तर चालेल. फक्त "प्रा. डॉ." अशी जोडी लावू नका. एका नावामागे एकच उपाधी.

हिरवाचाफा

मग पद्मश्री? आमच्या भागातल्या एका महाविद्यालयाच्या अध्यक्षांना पद्मश्री आहे आणि ते आग्रहाने नावामागे लावतात. राज्यघटनेत बंदी आहे ती परदेशी किताबांना, भारत सरकारने दिलेला सन्मान लावायला काय अडचण?

दप्तरदार

अनुच्छेद १८ मध्ये परदेशी किताबांबद्दल स्वतंत्र खंड आहे. पण पहिला खंड म्हणतो की लष्करी किंवा विद्याविषयक मानचिन्ह सोडून राज्यानेही कुठला किताब द्यायचा नाही. मग पद्म पुरस्कार घटनेत बसतात कसे, हा प्रश्न बालाजी राघवन खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. १९९५ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की हे पुरस्कार आहेत, किताब नव्हेत, आणि म्हणूनच ते नावाच्या आधी किंवा नंतर उपाधीसारखे लावता येणार नाहीत. त्यामुळे निर्देशिकेत नावामागे नको. परिचय छापत असाल तर "पद्मश्री पुरस्काराने सन्मानित" असं वाक्य जरूर लिहा.

विद्याविषयक म्हणून "डॉ." राहतं, लष्करी म्हणून "कर्नल" राहतं. "मा." मात्र कुणालाही नको. एकाला लावलंत की दीड हजारांना लावावं लागेल.

वाचनवेडी

पण मग "पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ" यातलं पुण्यश्लोक पण काढायचं का? आणि "कवयित्री बहिणाबाई चौधरी" मधलं कवयित्री?

दप्तरदार

अजिबात नाही. ती संस्थांची अधिकृत नावं आहेत. कायद्यात जसं आहे तसं, पूर्ण, दोन्ही लिप्यांत. उपाधीचा नियम माणसांच्या नावांपुरता. गावांचंही तसंच, धाराशिव, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर ही आताची जिल्ह्यांची नावं दोन्ही पानांवर सारखी घ्या. महाविद्यालयाच्या स्वतःच्या नावात जुनं गावाचं नाव असेल तर संस्था ते बदलेपर्यंत तसंच ठेवा.

नवखा_२३

एक राहिलं. आता आईचं नाव लावणं सक्तीचं झालंय ना? मग सगळ्या नोंदींत स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं हवं. तीन रकाने पुरणार नाहीत.

वैशाली_क

तो २०२४ चा निर्णय १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी आहे. या निर्देशिकेत येणारा सगळ्यात तरुण माणूसही त्याच्या कितीतरी आधी जन्मलाय. 🙂 पण स्वखुशीने आईचं नाव लावणारे बरेच आहेत, त्यांच्यासाठी मधल्या नावाच्या रकान्यात दोन शब्द मावतील एवढी जागा ठेवावी, इतकंच.

आणि आता माझा प्रश्न. "सौ." चं काय करणार? मला सौ. लावलेलं आवडत नाही. यादीतल्या पुरुषांची लग्नं झाली की नाहीत हे कुणी छापत नाही.

मांडवीकाठ

सहमत. सरसकट "श्रीमती" करावं.

हिरवाचाफा

आमच्या आईसारख्या बायकांना "श्रीमती" लिहिलेलं खटकतं. त्यांच्या पिढीत श्रीमती म्हणजे विधवा असाच अर्थ घेतात. एका निमंत्रणपत्रिकेवर तसं छापलं म्हणून ती तिथे गेलीच नव्हती. वडील हयात होते तेव्हाची गोष्ट आहे.

वैशाली_क

काकूंची भावना मला कळते. पण शासकीय पत्रव्यवहारात विवाहित असो वा नसो, "श्रीमती" च लिहितात. मग एक करा, श्री आणि श्रीमती दोन्ही काढून टाका. फक्त "डॉ.", "ॲड.", "कर्नल" असं मिळवलेलं काही असेल तर लावा.

अधिव्याख्याता

म्हणजे माझ्या नावामागे खरोखरच काही उरलं नाही.

इंदूरकर

मी मध्य प्रदेशातला मराठी. पदनामांचं बघताना एक सांभाळा. संगणकावर तयार शब्दयाद्या मिळतात त्या बहुतेक हिंदीच्या असतात. हिंदीत "कुलपति" म्हणजे व्हाइस चान्सलर आणि चान्सलरला "कुलाधिपति". मराठीत कुलपती म्हणजे चान्सलर, आपल्याकडे राज्यपाल. म्हणजे हिंदी यादी उचललीत तर कुलगुरूंना थेट राज्यपालांच्या खुर्चीत बसवाल. आमच्या राज्याने २०२४ मध्ये कुलपति बदलून "कुलगुरु" केलं, त्यामुळे आता इकडच्या जुन्या आणि नव्या कागदांतही घोळ आहे.

दप्तरदार

अगदी नेमका मुद्दा. पदनामाचं भाषांतर नोंदीनोंदीला करायचं नसतं. विद्यापीठातल्या सगळ्या पदांचा एक मूळ तक्ता करा, प्रत्येक पदाला संकेतांक द्या आणि व्यक्तीच्या नोंदीत फक्त तो संकेतांक लिहा. मराठी आणि इंग्रजी दोन्ही पदनामं तिथूनच छापली जातील. दीड हजार नोंदी असल्या तरी वेगवेगळी पदं शे-सव्वाशेच निघतील. तेवढी काळजीपूर्वक तपासता येतात.

```
P01  | कुलगुरू            | Vice-Chancellor
P02  | प्र-कुलगुरू         | Pro-Vice-Chancellor
P03  | कुलसचिव            | Registrar
P03A | प्रभारी कुलसचिव     | Acting Registrar
P04  | उपकुलसचिव          | Deputy Registrar
P05  | सहायक कुलसचिव      | Assistant Registrar
```

तक्त्यातलं पहिलं प्रमाण म्हणजे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६. त्याचा मराठी आणि इंग्रजी, दोन्ही पाठ उपलब्ध आहेत, वैधानिक पदं तिथून जशीच्या तशी उचला. "परीक्षा नियंत्रक" लिहायची सवय अजून आहे, पण या कायद्यात ते पद "संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ" असं आहे. कायद्यात नसलेली प्रशासकीय पदं भाषा संचालनालयाच्या पदनाम कोशात पाहा. तिथेही नसेल तर पदमंजुरीच्या आदेशात जे असेल ते.

एकाच इंग्रजी शब्दाला मराठीत तीन पदं असतात हेही ध्यानात ठेवा. `Registrar` विद्यापीठात कुलसचिव, सहकार खात्यात निबंधक आणि उच्च न्यायालयात प्रबंधक. तुमच्या पुस्तिकेत शेवटी शासकीय कार्यालयांचे क्रमांक असतील तर तिथे हमखास चूक होते. सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांना "उपकुलसचिव" छापलेलं मी पाहिलंय.

आणि लघुरूपांवर पूर्ण बंदी घाला. "प्र." म्हणजे प्रभारी, प्र-कुलगुरूंमधला प्र, की प्रमुख? "सह." म्हणजे सहायक, सहयोगी, की सहसंचालकातला सह? सहयोगी प्राध्यापक आणि सहायक प्राध्यापक यांच्या वेतनश्रेणीत किती अंतर आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. "सह. प्राध्यापक" छापून ते झाकलं जातं, आणि इंग्रजी करणारा अंदाजाने एक निवडतो.

रानवाटा

हे पटलं. संकेतांक ठेवला तर पुढच्या वर्षी माणूस बदलला तरी पदनाम पुन्हा लिहावं लागणार नाही. पण एकाच माणसाकडे दोन पदं असतील तर? मूळ पद सहयोगी प्राध्यापक आणि कार्यभार कुलसचिवाचा?

दप्तरदार

दोन नोंदी. कुलसचिव कार्यालयाखाली प्रभारी कुलसचिव म्हणून एक, आणि त्यांच्या विभागाखाली मूळ पदाची दुसरी. नावाचे रकाने एकाच ठिकाणाहून येतात, म्हणून दोन्हीकडे नाव सारखंच राहील. आदेशात "अतिरिक्त कार्यभार" असेल तर "प्रभारी" लिहू नका, आदेशातला शब्द घ्या. या दोन्हींत फरक मानतात आणि लोक त्यावरून भांडतात.

टंकमुद्रा

अक्षरजुळणीवाला बोलतोय. तुम्ही सगळं ठरवाल आणि शेवटी माझ्यासारख्याकडे फाइल येईल तेव्हा भलतंच निघेल. आभाताईंच्या "कऱ्हाडे" चंच उदाहरण घ्या.

तो अर्धा र दोन प्रकारे टंकला जातो. काही कळफलक ऱ आणि हलन्त देतात, काही साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक देतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द. संकेतस्थळावर कऱ्हाडे शोधलं की निम्मे कऱ्हाडे सापडत नाहीत, वऱ्हाडे आणि बिऱ्हाडे यांचंही तेच. ओळखायची सोपी खूण म्हणजे एक्सेलमध्ये `=LEN(B2)` करा. एका कऱ्हाडेंची लांबी ७ येईल, दुसऱ्यांची ८. सगळी ऱ च्या रूपात आणायला हे सूत्र वापरा:

```
=SUBSTITUTE(B2,UNICHAR(2352)&UNICHAR(2381)&UNICHAR(8205),UNICHAR(2353)&UNICHAR(2381))
```

"ॲ" चंही असंच. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र जागा २००८ पासून आहे, पण जुने लोक अ वर चंद्र देऊन लिहितात. "ॲड." एका यादीत दोन-तीन रूपांत असतो.

दुसरं, अकारविल्हे. संगणकाने नुसत्या अक्षरांकाप्रमाणे क्रम लावला तर ळ हा ल च्या लगेच नंतर येतो. म्हणजे काळे आधी, मग कावरे, मग कासार. आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर, म्हणून कावरे, कासार आणि मग काळे. क्षीरसागर क च्या अगदी शेवटी जातात, ख च्या आधी. पुस्तिकेत त्यांना ह नंतर शोधणारे बरेच असतात. सॉफ्टवेअरमध्ये क्रमासाठी भाषा मराठी निवडता येते का ते पाहा आणि काळे कुठे पडतात त्यावरून खात्री करा.

वाचनवेडी

पण मग डाव्या पानावर मराठी क्रम आणि उजव्या पानावर इंग्रजी क्रम, समोरासमोर एकच माणूस येणारच नाही! काळे डावीकडे शेवटी आणि `Kale` उजवीकडे `Kasar` च्या आधी.

टंकमुद्रा

नाहीच येणार. म्हणून मुख्य भाग अकारविल्हे लावूच नका. कार्यालय, मग पदाची श्रेणी, मग रुजू दिनांक असा क्रम लावा. तो दोन्ही भाषांत एकच राहतो आणि ओळीसमोर ओळ येते. मागे दोन वेगळ्या सूची द्या, एक मराठी अकारविल्हे आणि एक इंग्रजी, प्रत्येक नावापुढे पानाचा आकडा.

दप्तरदार

हे उत्तम. आमच्या वेळी सूची नव्हती, त्याची उणीव भासायची.

आभा_सं

सगळ्यांचे मनापासून आभार. सुरुवातीच्या नमुन्याला हे सगळं लावून पाहिलं. कऱ्हाडे बाईंनी चिठ्ठीवर स्वतःचं नाव "सुनिता" असं लिहून दिलंय, ऱ्हस्व. आदेश काढून पाहिला, त्यात "प्रभारी" नाही, "अतिरिक्त कार्यभार" आहे. म्हणून डावीकडे:

डॉ. सुनिता विनायक कऱ्हाडे
कुलसचिव, अतिरिक्त कार्यभार

उजवीकडे:

`Dr. Sunita Vinayak Karhade`
`Registrar, Additional Charge`

आणि रसायनशास्त्र विभागाखाली त्यांची दुसरी नोंद, सहयोगी प्राध्यापक, `Associate Professor`. सौ. आणि प्रा. दोन्ही गेले. पण श्री/श्रीमती ठेवायचं की काढायचं यावर समितीत कालच्या बैठकीत एकमत झालं नाही. "प्रा." वरही नाही. एक सदस्य म्हणाले, चिठ्ठीवरच विचारा, ज्याला जे हवं ते लावा.

वैशाली_क

चिठ्ठीवर विचारलंत तर सौ., सौभाग्यवती, श्रीमती, कुमारी सगळं परत येईल. मग नियमावली कशासाठी?

हिरवाचाफा

येऊ द्या की. नाव त्यांचं म्हणता, मग नावामागचं का नाही?

दप्तरदार

कारण नाव ओळखीसाठी असतं आणि उपाधी मानासाठी. मान प्रत्येकाने स्वतः ठरवून घेतला तर पुढच्या पानावर "प्राचार्य डॉ. ॲड." दिसेल. माझं मत काढून टाका. पण तुमच्या समितीला ते जमणार नसेल तर चिठ्ठीवर मोकळी जागा ठेवू नका. तीन-चार पर्याय छापून द्या आणि एकावर खूण करायला सांगा.

अधिव्याख्याता

त्या पर्यायांत "प्रा." असू द्या.

टंकमुद्रा

आभाताई, सगळा मजकूर छापखान्यात द्यायच्या आधी एक चाचणी पान काढून घ्या. ज्या-ज्या नावात ऱ्ह, ॲ, ळ, क्ष, ज्ञ, श्र आहे ती पंचवीस-तीस नावं त्या पानावर घ्या. आमच्याकडे अजून काही ठिकाणी युनिकोडचा मजकूर जुन्या फाँटमध्ये बदलून लावतात आणि नेमका ऱ्ह तुटतो. संगणकावर बरोबर दिसतं आणि कागदावर "कर्हाडे" येतं. ते पान स्वतः वाचा, दुसऱ्या कुणावर सोपवू नका, आणि मगच पुढची परवानगी द्या.